चारशे कुणाचे, आणि किती जणींचे?

बचत गटाच्या मीटिंगचं रेकॉर्डिंग सुरू केलं की पैसे लगेच ऐकू येत नाहीत. आधी बांगड्या ऐकू येतात, मग सतरंजी झटकल्याचा आवाज, कुणाचं तरी किरकिरणारं मूल, "अगं सरक जरा तिकडं". त्या गलक्यातच कुठंतरी "माझे दोनशे घ्या" हे वाक्य येऊन निघूनही जातं. तासाभराच्या त्या आवाजातून शेवटी तीन गोष्टी कागदावर उतरायला हव्यात: बचत किती आणि कुणाची जमली, कर्ज किती आणि कुणाला दिलं, आणि ते परत कधी यायचं. लिहायला बसेपर्यंत हे काम सोपं वाटतं.

हल्ली बऱ्याच गटांत मीटिंग फोनवर रेकॉर्ड करून ठेवतात. वही लिहिणारी ताई त्या दिवशी आलेली नसते, किंवा एकाच ताईकडे चार गटांचं लिखाण असतं, किंवा बायका भराभर बोलतात आणि लिहिणारीचा हात मागे पडतो. म्हणून रेकॉर्डिंग घरी नेऊन रात्री निवांत ऐकायचं आणि वह्या भरायच्या. उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज आणि नियमित परतफेड यांच्यानंतर पाचवं सूत्र येतं, अद्ययावत लेखे. पहिली चार सूत्रं बायका पाळतात. पाचवं त्या एका लिहिणारीच्या कानावर सोडलेलं असतं.

इथे एकाच मीटिंगचा हिशेब शेवटपर्यंत सोडवून बघू. गट उदाहरणापुरता धरलेला आहे, पण त्यातल्या गफलती रोजच्या आहेत. बारा जणी, दर महिन्याच्या 12 तारखेला मीटिंग, प्रत्येकीची बचत महिना 200 रुपये, अंतर्गत कर्जाला शेकडा दोन रुपये महिना व्याज, तेही उरलेल्या मुद्दलावर. नावांऐवजी सभासद क्रमांक वापरले आहेत. प्रत्यक्षातही क्रमांकच वापरावा, कारण गटात दोन सुनीता असतात, तीन वहिनी असतात, आणि "मावशींचे आले का?" या प्रश्नातली मावशी विचारणारीप्रमाणे बदलते.

सगळ्यात आधी तारीख. रेकॉर्डिंग कोणत्या दिवसाचं, याचं उत्तर फाइलच्या नावात शोधायची सवय असते आणि तिथेच पहिली चूक होते. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फाइलचं नाव `AUD-20250613-WA0004` असं असेल, तर त्यातली 13 जून ही फाइल व्हॉट्सॲपवरून आल्या-गेल्याची तारीख आहे. मीटिंग त्या दिवशी झाली असं त्यातून ठरत नाही. या रेकॉर्डिंगमध्ये दुसऱ्या मिनिटाला कुणीतरी म्हणतं, "परवाच वटपौर्णिमा झाली, अजून पाय दुखतायत." वटपौर्णिमा 10 जून 2025 ला होती. 'परवा' हा शब्द आपण ढिला वापरतो, चार दिवसांपूर्वीचंही परवा म्हणतो, म्हणून एवढ्यावर थांबू नये. पुढे "आज गुरुवार, दत्ताचा वार" असं एक वाक्य आहे. 12 जून 2025 ला गुरुवार होता आणि गटाची ठरलेली तारीखही तीच. तीन धागे एका जागी आले, तारीख पक्की. एवढी खात्री करण्याचं कारण असं की पुढे कर्जाचे सगळे हप्ते याच तारखेपासून मोजले जाणार आहेत.

आता ऐकायचं कुठून? सुरुवातीपासून ऐकू नये, असं माझं मत आहे. मीटिंगचा क्रम ठरलेला असतो: प्रार्थना, हजेरी, मागचं इतिवृत्त, बचत, परतफेड, दंड, कर्जाची मागणी, मंजुरी, वाटप, आणि शेवटी शिल्लक मोजून सह्या. यातली शेवटची पाच मिनिटं आधी ऐकावीत. तिथे कोषाध्यक्ष पेटीतले पैसे मोजते आणि मोठ्याने सांगते. या मीटिंगमध्ये ती म्हणते, "हातात राहिले तीनशे." मग मागच्या महिन्याची रोकडवही उघडायची. तिथे अखेरची शिल्लक 640 आहे. म्हणजे सुरुवात माहीत, शेवट माहीत. मधला तासभर आता या दोन आकड्यांमध्ये बसला पाहिजे. 640 मध्ये आलेलं सगळं मिळवून दिलेलं सगळं वजा केलं की 300 उरले पाहिजेत. ही एक चाळणी हातात घेऊन मग पहिल्यापासून ऐकायला बसलं की कान वेगळ्याच तयारीने ऐकतो.

हजेरीत दहा जणी आहेत. सात नंबर आणि अकरा नंबर आलेल्या नाहीत.

बचतीचा भाग सहा-सात मिनिटांचा. बहुतेक जणी फक्त "दोनशे" म्हणतात आणि पुढे सरकतात. पाच नंबर म्हणते, "माझे चारशे दहा. मागच्या वेळी नव्हते ना मी." थोड्या वेळाने सहा नंबर म्हणते, "हे घ्या चारशे, माझे अन् जाऊबाईंचे." जाऊबाई म्हणजे सात नंबर. अकरा नंबरबद्दल कुणीच काही बोलत नाही. बचत संपल्यावर कोषाध्यक्ष सांगते, "बचत झाली चोवीसशे."

इथे थांबायला हवं. बारा जणी गुणिले दोनशे बरोबर 2400. आकडा इतका चपखल बसतो की लिहिणारीचा हात आपोआप बारा नावांपुढे बारा वेळा 200 लिहून टाकतो. बेरीज जुळते, पेटीतले पैसे जुळतात, आणि तरीही वहीत दोन चुका झालेल्या असतात. पाच नंबरच्या चारशेत दोनशे मे महिन्याचे आहेत, आणि अकरा नंबरचे जूनचे दोनशे आलेलेच नाहीत. एकीचा जास्तीचा भरणा आणि दुसरीची थकबाकी यांनी एकमेकींना झाकलं. वर्षअखेर पाच नंबर म्हणेल, माझे पूर्ण भरलेत, वहीत दोनशे कमी का? त्या वेळी कुणालाच आठवणार नाही. खरी नोंद अशी: जूनची बचत अकरा जणींची 2200, मे महिन्याची थकीत बचत एकीची 200, एकूण 2400, अकरा नंबरकडे 200 बाकी. आणि पाच नंबरचे वरचे दहा बचतीत जात नाहीत, तो मागच्या गैरहजेरीचा दंड आहे.

दोघींनी 'चारशे'च म्हटलं, हे मला या कामातलं सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. एका चारशेत एकाच बाईचे दोन महिने आहेत, दुसऱ्या चारशेत दोन बायकांचा एक महिना. आकडा कानाने पकडला तरी काम अर्धंच होतं. तो कुणाच्या नावावर आणि कोणत्या महिन्यात टाकायचा हे त्याच्या पुढच्या-मागच्या चार शब्दांत असतं. म्हणून रेकॉर्डिंगवरून थेट बचत वहीत लिहू नये. आधी एका कच्च्या कागदावर रेकॉर्डिंगची वेळ, सभासद क्रमांक, तोंडचे शब्द जसेच्या तसे, आणि मग आकडा, अशी ओळ लिहावी. "9 मिनिटं 40 सेकंद, सहा नंबर, 'चारशे, माझे अन् जाऊबाईंचे', 6 ला 200, 7 ला 200." हा कागद गबाळा दिसतो, पण महिन्याभराने वाद झाला तर नेमकी कोणती जागा पुन्हा ऐकायची हे त्यातूनच कळतं.

आपल्या भाषेतले आकडे ऐकताना काही जागा नेहमी फसवतात. दीड, अडीच, सव्वा, साडे, पावणे हे शब्द लहान आहेत आणि नेमके आकड्याच्या तोंडाशी येतात, जिथे बोलणारी श्वास घेत असते किंवा शेजारची बोलत असते. 'साडेपाचशे'तला 'साडे' बुडाला की 550 चे 500 होतात. 'पावणेदोनशे'तला 'पावणे' गेला की 175 चे 200 होतात. 'सव्वादोन हजार' म्हणजे 2250, पण 'सव्वा' निसटला की सरळ 2000. या सगळ्यांत शब्द गळला तरी उरलेला आकडा धडधाकट दिसतो, म्हणून संशय येत नाही. दुसरी जागा 'एकोण'ची. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी यांची सुरुवात एकच, फरक शेपटीत, आणि शेपूट नेमकी हळू उच्चारली जाते. तिसरी जागा लिहिताना येते. मराठीत एकक आधी बोलतो, सदतीस म्हणजे सात आणि तीस, त्यामुळे घाईत 37 चे 73 लिहिले जातात. असे अंक उलटे पडले की येणारा फरक नेहमी नऊच्या पटीत असतो. 73 वजा 37 बरोबर 36. शिल्लक 36 ने, 63 ने किंवा 90 ने चुकत असेल तर आधी उलटा पडलेला आकडा शोधावा.

शिवाय हजार आणि शंभर गाळून बोलायची पद्धत आहे. "मला पाच पाहिजेत" म्हणजे कर्जात पाच हजार, परतफेडीत पाचशे, आणि दंडात खरेच पाच रुपये. "दोनने लावा" म्हणजे शेकडा दोन व्याज. हे संदर्भावरून कळतं. तरीही पूर्ण आकडा लिहिताना शेजारी तोंडचा शब्द राहू द्यावा, कारण पूर्ण आकडा हा आपण लावलेला अर्थ असतो.

आता परतफेड. चार जणींनी पैसे दिले. दोन नंबर म्हणते, "बाराशे." कोषाध्यक्ष लगेच म्हणते, "हजार मुद्दल, दोनशे व्याज." कर्ज खातेवहीत तिची बाकी 10000 आहे, शेकडा दोनने महिन्याचं व्याज 200, बरोबर. चार नंबर काहीतरी म्हणते, त्याच वेळी मूल रडतं, ऐकू येतं ते "...पाचशे". नऊ नंबर म्हणते, "माझ्याकडं पाचशेच हायेत आज." सहा नंबर म्हणते, "माझं फक्त व्याज घ्या, साठ. मुद्दल दसऱ्याला देते सगळं एकदम." शेवटी दंड: पाच नंबरचे दहा आणि उशिरा आलेल्या बारा नंबरचे दहा. खर्च एकच, नवीन रजिस्टर 70 रुपयांचं. आणि तीन नंबरला कर्ज दिलं, 5000.

मांडून बघू. मागची शिल्लक 640. बचत 2400. परतफेड 1200, 500, 500 आणि 60, म्हणजे 2260. दंड 20. सगळे मिळून 5320. त्यातून कर्ज 5000 आणि खर्च 70 गेले. उरले 250. कोषाध्यक्षेने मोजलेले मात्र 300.

पन्नास रुपये पेटीत जास्त आहेत. अशा वेळी पुन्हा अख्खं रेकॉर्डिंग ऐकायची गरज नसते. पन्नास कुठे बसू शकतात हे आधी कागदावर शोधावं. चार नंबरची मागची बाकी खातेवहीत 2500 आहे, आणि 2500 चं शेकडा दोनने एका महिन्याचं व्याज बरोबर 50 होतं. तिचा हप्ता 500 चा. म्हणजे ती 550 देणार हे अपेक्षितच होतं. त्या जागी परत जाऊन, आवाज वाढवून, त्याच्या आधीची दहा सेकंदं लावून ऐकलं की रडण्याखाली 'साडे' हळूच सापडतं. परतफेड 2310 झाली, एकूण 5370, त्यातून 5070 गेले, शिल्लक 300. जुळलं.

इथे एक मोह आवरायला हवा. पन्नासचा फरक व्याजात बसतोय हे दिसल्यावर पुन्हा न ऐकताच 550 लिहून टाकणं सोपं असतं, आणि बहुतेक वेळा ते खरंही निघेल. पण तोच पन्नास कुणाच्या न बोललेल्या दंडाचा असू शकतो, किंवा मोजणीची चूक असू शकते. हिशेब जुळवण्यासाठी आकडा लिहिला की ती नोंद ऐकलेली राहत नाही, बनवलेली होते. ऐकू आलंच नाही, तर कच्च्या कागदावर "500 किंवा 550, विचारायचं" असं लिहावं आणि चार नंबरला विचारावं. पैसे तिने मोजून दिलेत, तिला पक्कं माहीत असतं. मुकाट्याने ठेवलेल्या पैशांचंही तेच. "घे गं" एवढंच ऐकू येतं आणि नोटा सतरंजीवर पडतात. ती जागा कोरी ठेवावी.

या चाळणीला मर्यादाही आहे, आणि ती ओळखली नाही तर जुळलेल्या शिल्लकेवर जास्तच विश्वास बसतो. नऊ नंबरचं उदाहरण घ्या. तिने पाचशे दिले, रेकॉर्डिंगमध्ये पाचशे स्पष्ट ऐकू येतं, पेटीत पाचशे आले. तिची बाकी 6000, महिन्याचं व्याज 120. गटाचा नियम असा की आलेल्या पैशातून आधी व्याज कापायचं, मग मुद्दल. म्हणजे 120 व्याज, 380 मुद्दल, नवी बाकी 5620. लिहिणारीने मात्र "पाचशे मुद्दल" लिहिलं तर बाकी 5500 होते आणि 120 रुपये व्याज गटाच्या उत्पन्नातून नाहीसं होतं. रोकड तरीही जुळते, कारण पेटीला मुद्दल आणि व्याज यांतला फरक कळत नाही. बचतीतल्या चोवीसशेचंही हेच झालं होतं. किती आले यातली चूक पेटी पकडते. कुणाचे आले आणि कशाचे आले, ही चूक पकडायला दुसरी चाळणी लागते, आणि ती चाळणी म्हणजे त्या बायकाच. प्रत्येकीला तिची नवी बाकी मोठ्याने वाचून दाखवायची: दोन नंबर 9000, चार नंबर 2000, सहा नंबर 3000 तशीच, नऊ नंबर 5620. आपलं कर्ज किती उरलं हे प्रत्येक बाई बोटांवर मोजून ठेवते. चार नंबरचे पाचशेच धरून त्यातून पन्नास व्याज कापलं असतं आणि खातेवहीत बाकी 2050 लागली असती, तर तिने तिथल्या तिथे हात वर केला असता.

आता कर्जाकडे येऊ. रेकॉर्डिंगमध्ये कर्जाचा भाग सगळ्यात लांब आणि सगळ्यात गोंधळाचा असतो, कारण तिथे आकडे मागण्यासाठीही बोलले जातात, घासाघीस करण्यासाठीही, आणि देण्यासाठीही. जून महिना आहे, पेरणी तोंडावर आहे. तीन नंबर म्हणते, "बियाणं अन् खताला दहा हजार लागतात." आठ नंबर शिलाई मशिनच्या दुरुस्तीला तीन हजार मागते. पुढची पंधरा मिनिटं दहा, आठ, पाच, तीन हे आकडे खोलीभर फिरत राहतात. अध्यक्ष म्हणतात, "दहा नाही जमणार, आठ देऊ." कोषाध्यक्ष म्हणते, "पेटीत पाचच निघतात, तीन बँकेतून काढून देऊ." आठ नंबरला "पुढच्या मीटिंगला बघू" असं उत्तर मिळतं.

यातून लिहायचं काय? तीन वेगळे रकाने मनात ठेवावेत: मागणी, मंजुरी, वाटप. तीन नंबरची मागणी 10000, मंजुरी 8000, त्या दिवशीचं वाटप 5000. आठ नंबरची मागणी 3000, मंजुरी नाही, वाटप नाही. मागणी आणि मंजुरी इतिवृत्तात लिहायची, कारण त्या ठरावाच्या गोष्टी आहेत. कर्ज खातेवहीत आणि रोकडवहीत मात्र फक्त हातात पडलेले पैसे, म्हणजे 5000. उरलेले 3000 ज्या दिवशी बँकेतून काढून तिला मिळतील त्या दिवसाची ती वेगळी नोंद, आणि व्याजही त्या दिवसापासून. मंजूर झाले म्हणून आजच 8000 नावावर टाकले तर न मिळालेल्या तीन हजारांवर महिन्याला साठ रुपये व्याज तिच्या माथी बसतं. ही चूक रोकड मेळात लगेच दिसते, कारण शिल्लक उणे निघते. गंमत अशी की ती दिसली तरी पुष्कळ जणी बँकेतून तीन हजार काढल्याची नोंद त्याच तारखेला टाकून मेळ बसवतात. मग बँकेच्या पासबुकात तारीख वेगळी आणि रोकडवहीत वेगळी, आणि लेखापरीक्षणाच्या वेळी त्याचं उत्तर कुणाकडे नसतं.

देताना म्हटलेलं वाक्य आणि ठरवताना म्हटलेलं वाक्य ऐकून ओळखता येतं. ठरवताना क्रियापद पुढचं असतं: देऊ, देता येतील, बघू. देताना नोटा मोजल्याचा आवाज येतो, कोषाध्यक्ष "मोजून घे" म्हणते, आणि घेणारी "पाच बरोबर" म्हणते. वाटपाची नोंद या शेवटच्या दोन वाक्यांवरून करावी, चर्चेतल्या कोणत्याही वाक्यावरून नव्हे.

मग परतफेडीच्या तारखा. रेकॉर्डिंगमधून काढायच्या तीन गोष्टींत ही सगळ्यात अवघड, कारण बायका तारखेत बोलतच नाहीत. त्या मीटिंगमध्ये, सणात आणि पिकात बोलतात. तीन नंबरला कोषाध्यक्ष सांगते, "दहा हप्ते, पाचशे अन् व्याज, पुढच्या मीटिंगपासून." हे सोपं. पहिला हप्ता 12 जुलै 2025, शेवटचा 12 एप्रिल 2026. व्याज उरलेल्या मुद्दलावर, म्हणून पहिल्या वेळी 500 आणि 100 मिळून 600, दुसऱ्या वेळी 4500 वर 90 म्हणजे 590, असं दर महिन्याला दहा रुपयांनी उतरत शेवटचा हप्ता 510. दहा महिन्यांचं सगळं व्याज 550. पण याच रेकॉर्डिंगमध्ये थोडं पुढे दुसरी कुणीतरी समजावते, "म्हणजे सहाशे-सहाशे दे दहा महिने." तसं लिहिलं तर ती 6000 फेडेल, व्याज 1000 होईल. फरक 450 रुपयांचा, आणि तो एका प्रेमळ, सोपं करून सांगितलेल्या वाक्यातून आला. अशा जागी गटाचा ठराव बघावा. ठरावात उरलेल्या मुद्दलावर व्याज असेल तर दहाही हप्त्यांचे आकडे तारखांसह लिहून तिच्या पासबुकात लावून द्यावेत.

सहा नंबरचं वाक्य मात्र वेगळ्या जातीचं आहे: "मुद्दल दसऱ्याला देते सगळं एकदम." दसरा म्हणजे कोणती तारीख? 2024 ला तो 12 ऑक्टोबरला होता, 2025 ला 2 ऑक्टोबरला. गेल्या वर्षीच्या अंदाजाने लिहिलं तर दहा दिवसांचा फरक पडतो. पण पंचांग बघून 2 ऑक्टोबर लिहिलं तरी प्रश्न सुटत नाही, कारण त्या दिवशी मीटिंग नाही. पैसे मीटिंगमध्येच घेतले जातात, आणि मीटिंग आहे 12 सप्टेंबरला आणि 12 ऑक्टोबरला. तिला दसऱ्याच्या आधी म्हणायचंय की नंतर? दसऱ्याला सोयाबीन विकून पैसे येणार असतील तर आधीची तारीख तिला शक्यच नाही. लिहिणारीने स्वतःहून 12 सप्टेंबर टाकलं तर ती उगाच थकबाकीदार ठरेल. म्हणून नोंदीत दोन्ही असावं: तोंडचे शब्द "दसऱ्याला", शेजारी पेन्सिलीने 12 ऑक्टोबर 2025, आणि पुढे "विचारायचं". तोवर दर महिन्याला साठ रुपये व्याज चालू राहील का, हेही त्याच वेळी विचारावं, कारण "फक्त व्याज घ्या" हे तिने त्या दिवसापुरतं म्हटलं होतं.

"कापूस विकला की", "पोरीची फी भरून झाली की", "ह्यांचा पगार झाला की" ही वाक्यं तर तारीख देतच नाहीत. तिथे महिना ओढून काढू नये. तारखेचा रकाना रिकामा दिसला की पुढच्या मीटिंगला कुणीतरी विचारतं. खोटी तारीख दिसली की कुणीच विचारत नाही, आणि तीन महिन्यांनी तीच तारीख तिच्या विरोधात वाचली जाते.

यातलं बरंचसं रेकॉर्डिंग करतानाच सोपं होऊ शकतं. फोन कोषाध्यक्षेच्या पुढ्यात, घडी घातलेल्या रुमालावर ठेवावा. स्टीलच्या पेटीवर ठेवला तर प्रत्येक नाणं कानात घंटेसारखं वाजतं. आणि एकच सवय लावावी: पैसे हातात घेतल्यावर कोषाध्यक्षेने क्रमांक, रक्कम आणि कशाचे ते मोठ्याने म्हणायचं. "चार नंबर, साडेपाचशे, पाचशे मुद्दल, पन्नास व्याज." देणारीने साडे गिळला तरी घेणारीच्या तोंडून मुद्दल आणि व्याज वेगळं ऐकू येतं. दोन आवाजांत एकच आकडा आला की तो पक्का. ऑनलाइन भरलेले पैसे असतील तर "बँकेत" हा शब्दही म्हणायचा, नाहीतर ते रोकडीत मिळवले जातात आणि पेटी तेवढ्याने कमी भरते.

रेकॉर्डिंग करतोय हे सुरुवातीलाच सगळ्यांना विचारून घ्यावं, आणि ते विचारणंही रेकॉर्डिंगमध्ये यावं. या तासाभरात कुणाच्या घरात पैसे का नाहीत, कुणाच्या नवऱ्याने काय केलं, हे सगळं बोललं जातं. ती फाइल गावातल्या ग्रुपवर फिरायला नको. वह्या वाचून, सह्या होऊन गेल्या की फोनवरून ती काढून टाकायची, आणि काढल्याचं गटाला सांगायचं.

12 जुलैच्या मीटिंगला कच्च्या कागदावरचे प्रश्न आधी घ्यायचे, मग नवीन बचत. सहा नंबरला दसऱ्याचं विचारायचं. अकरा नंबर आली असेल तर जूनचे दोनशे राहिलेत हे सांगायचं, आणि ते आले तर जूनच्याच रकान्यात लिहायचे. पाच नंबरला मे आणि जून दोन्ही भरल्याचं वाचून दाखवायचं. सात नंबरला विचारायचं, जाऊबाईंकडून तुमचे दोनशे पोचले, बरोबर ना? ती हो म्हणाली की पेन्सिलीची ओळ पेनाने पक्की करायची.